घरदुरुस्ती अर्जंट आहे: पर्सनल लोन घ्यायचं की एफडी मोडायची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत हेडफोन काढणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिखित स्वरूपात. बोलताना मी आकडे भराभर सांगून गेलो होतो, इथे ते जरा सावकाश मांडलेत.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून आला. डोंबिवलीत पंचवीसेक वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये त्याचा फ्लॅट आहे, घरात तो आणि आई-वडील. त्याच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये गळती सुरू झाली. आधी नुसता ओलसर डाग होता, मग एक दिवस खालच्यांच्या छताचं प्लॅस्टर पडलं आणि आतली सळई दिसायला लागली. कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन दिलं ₹१,८०,०००. फोनवर दोन-तीन ॲप्सच्या ‘प्री-अप्रूव्ह्ड’ ऑफर आधीपासून पडून होत्याच. त्याचा प्रश्न साधा होता: “लोन घेऊ की एफडी मोडू?”

त्याच्या परवानगीने, नाव न घेता, त्याचेच आकडे वापरतोय. हातात येणारा पगार ₹६२,०००. घरखर्च ₹३८,०००. बचत खात्यात ₹९०,००० आणि ₹२,००,००० ची एक एफडी: ७ टक्के दर, दोन वर्षांची मुदत, आठ महिने झालेले.

आधी ठरवा: खर्च नक्की किती, आणि कुणाचा?

पैसे कुठून आणायचे हे ठरवण्याआधी आकडा बरोबर आहे का, हे बघायला हवं. गळतीच्या कामात हा आकडा बराच हलतो.

पहिली गोष्ट म्हणजे गळती कशाची आहे. खालचं छत चोवीस तास सारखंच टपकत असेल, तर संशय दाबाच्या पाइपवर, म्हणजे नळाच्या पाण्याच्या लाइनवर. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप, ड्रेनेजचा जोड किंवा वॉटरप्रूफिंग. दोन-तीन दिवस बाथरूम पूर्ण बंद ठेवूनही ओल वाढतेय, आणि तीही पावसाबरोबर, तर पाणी बहुधा बाहेरून येतंय. फक्त एखादा पाइप फुटला असेल तर अख्खं बाथरूम फोडायची गरजच नसते.

दुसरी गोष्ट, खर्च कुणाचा. महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार टेरेसमधून झिरपणारं पावसाचं पाणी, त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती या दुरुस्त्या सोसायटीने करायच्या असतात. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-संडासाची गळती मात्र सभासदाच्या खिशातून. त्यामुळे बाहेरच्या पाइपचा संशय असेल तर लोनचा फॉर्म भरण्याआधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. या श्रोत्याच्या बाबतीत बाथरूम बंद ठेवल्यावर ओल थांबली. म्हणजे खर्च त्याचाच.

तिसरी गोष्ट, कोटेशनमधलं ‘आता करायलाच हवं’ आणि ‘होतंच आहे तर करून घेऊ’ हे वेगळं काढा. त्याच्या ₹१,८०,००० मध्ये काचेचं पार्टिशन, नवीन गीझर आणि महागातले नळ मिळून ₹३०,००० होते. ते थांबू शकतात. जुन्या लाद्या फोडणं, पाइप आणि नहाणी ट्रॅप बदलणं, वॉटरप्रूफिंग, नव्या लाद्या आणि खालच्या छताची दुरुस्ती हे थांबू शकत नाही. गंजलेली सळई फुगते, फुगली की आजूबाजूचं काँक्रीट फोडते, आणि त्या भेगेतून आणखी ओल आत जाते. त्यामुळे “सहा महिने पैसे साठवू, मग बघू” हा पर्याय इथे नाही.

अर्जंट काम उरलं ₹१,५०,०००. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर.

‘लोन तर फुकटच पडतं!’ हे गणित कुठे फसतं

आता गंमत बघा. श्रोत्याला ऑफिसमधल्या कुणीतरी एक हिशोब करून दिला होता, आणि तो इतका पटण्यासारखा आहे की तुम्हीही कुठल्यातरी रीलमध्ये तो ऐकला असेल.

दीड लाखाचं पर्सनल लोन, १४ टक्के, २४ महिने. ईएमआय येतो ₹७,२०२. दोन वर्षांत एकूण व्याज साधारण ₹२२,८५०.

दुसरीकडे, दीड लाख एफडीत तसेच ठेवले, ७ टक्के, तिमाही चक्रवाढ. दोन वर्षांत व्याज मिळतं साधारण ₹२२,३००.

दिलेलं व्याज आणि मिळालेलं व्याज जवळपास सारखंच! म्हणजे लोन फुकटात पडलं, एफडीही शाबूत राहिली. मग एफडी मोडेल कोण?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. चूक तुलनेत आहे. लोनचं मुद्दल दर महिन्याला कमी होतं म्हणून व्याज कमी दिसतं. पण ते मुद्दल कमी कशामुळे होतं? दर महिन्याला तुमच्या पगारातून ₹७,२०२ जातात म्हणून. त्या पैशांचा हिशोब कुणी मांडलाच नाही.

बरोबरीची तुलना करायची, तर दोन्ही बाजूंनी खिशातून सारखेच पैसे जायला हवेत. म्हणजे एफडी मोडून काम करा, आणि जो ईएमआय भरला असता तेवढेच ₹७,२०२ दर महिन्याला आरडीत टाका, त्याच ७ टक्क्यांनी. दोन वर्षांनी काय दिसतं?

लोन घेतलं, तर तुमच्याकडे एफडीचे साधारण ₹१,७२,३०० आहेत. एफडी मोडून आरडी केली, तर साधारण ₹१,८४,९०० आहेत. फरक ₹१२,६०० च्या आसपास, आणि तो आरडीच्या बाजूने.

यात लोनची प्रोसेसिंग फी अजून धरलेलीच नाही. दोन टक्के फी म्हणजे ₹३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ₹३,५४०. उलट बाजूला, एफडी मुदतीआधी मोडण्याचाही तोटा आहे. बँक आठ महिन्यांच्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून दंड वजा करते. आठ महिन्यांचा दर ६ टक्के आणि दंड १ टक्का धरला, तर ७ ऐवजी ५ टक्के मिळाले. दोन लाखांवर आठ महिन्यांचे साधारण ₹२,७०० गेले.

सगळं मिळून, या केसमध्ये लोन दोन वर्षांत साधारण ₹१३,४०० ने महाग पडतं. फुकट नक्कीच नाही. एफडीच्या व्याजावर टॅक्स बसत असेल तर आणखी थोडं महाग.

मग ते ₹१३,४०० कशाचे?

माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. ‘१४ टक्के की ७ टक्के’ एवढंच बघायचं असतं, तर उत्तर नेहमी ‘बचत वापरा’ हेच आलं असतं आणि एपिसोड दोन मिनिटांत संपला असता. पण लोन घेतल्यावर तुम्हाला एक गोष्ट मिळते: दीड लाख रुपये तुमच्या हाताशी राहतात. उद्या नोकरी गेली, वडिलांना ॲडमिट करावं लागलं, तर ते पैसे आहेत. ₹१३,४०० ही त्या सोयीची किंमत. विम्याच्या हप्त्यासारखीच.

आणि विमा घ्यायचा की नाही हे कसं ठरवतो आपण? धोका किती मोठा आहे ते बघून. इथे धोका मोजायचं माप म्हणजे काम झाल्यावर तुमच्याकडे किती महिन्यांचा खर्च उरतो.

श्रोत्याची एकूण बचत ₹२,९०,०००. काम बचतीतून केलं तर उरतात ₹१,४०,०००. महिन्याचा खर्च ₹३८,०००, म्हणजे साडेतीन महिन्यांहून थोडा जास्त आधार.

लोन घेतलं तर ₹२,९०,००० तसेच राहतात. पण थांबा, त्याला ३८ हजारांनी भागू नका. नोकरी गेली तरी ईएमआय थांबत नाही, त्यामुळे महिन्याचा खर्च आता ₹४५,२०० झाला. आधार सहा महिन्यांहून थोडा जास्त. म्हणजे दीड लाखाच्या लोनने आधार वाढला साधारण पावणेतीन महिन्यांनी.

अजून एक गोष्ट. त्याच्याकडे दर महिन्याला ₹२४,००० शिल्लक पडतात. बचतीतून गेलेले दीड लाख तो साधारण सव्वासहा महिन्यांत परत भरू शकतो. म्हणजे कमी आधाराचा काळ सहा-सात महिन्यांचा, आणि त्यासाठी डोक्यावर दोन वर्षांचं लोन. हे प्रमाण मला तरी पटत नाही.

किती लोन घ्यायचं, याचं सूत्र

लोन आणि बचत यातलं एकच निवडायला हवं, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी हा हिशोब असा मांडतो:

लोन = कामाचा खर्च − (एकूण बचत − तीन महिन्यांचा घरखर्च)

उत्तर शून्य किंवा उणे आलं, तर लोन नको. अधिक आलं, तर तेवढंच लोन घ्या.

श्रोत्याचे तीन महिन्यांचे होतात ₹१,१४,०००. बचतीतून ते बाजूला काढले की वापरायला ₹१,७६,००० मोकळे. काम दीड लाखाचं. उत्तर उणे ₹२६,०००. लोनची गरज नाही.

आता हेच घर, हेच काम, पण बचत फक्त ₹१,७०,००० असती तर? मोकळे फक्त ₹५६,०००. मग ₹९४,००० चं लोन घेणं शहाणपणाचं. सगळे दीड लाख बचतीतून दिले असते तर हातात ₹२०,००० उरले असते, आणि पुढच्या महिन्यात काही झालं की क्रेडिट कार्ड घासावं लागलं असतं. कार्डाची थकबाकी फिरवली की व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढेही जातं. त्यापेक्षा आधीच १४ टक्क्यांनी ठरवून घेतलेलं लोन पुष्कळ बरं.

‘तीन महिने’ हा आकडा मात्र तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदला. घरात दोघं कमावते असतील तर तीन ठीक आहे. फ्रीलान्सिंग करत असाल किंवा सगळं घर एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर सहा धरा. आई-वडिलांचा आरोग्यविमा फक्त कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून असेल, तरीही वाढवा, कारण नोकरी गेली की ते कव्हरही जातं. या श्रोत्याने आई-वडिलांची वेगळी पॉलिसी घेतलेली आहे, म्हणून मी तीनवर थांबलो. चार धरले असते तर त्याचं उत्तर ₹१२,००० आलं असतं, आणि एवढ्यासाठी लोन घ्यायची गरज नाही.

एफडी न मोडता एफडी वापरणं

त्याला हे माहीतच नव्हतं. एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो. बहुतेक बँका एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि तेही जेवढे पैसे वापरले तेवढ्यावर, तेवढ्याच दिवसांचं. अनेक बँकांच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगवर हे थेट करता येतं. पगाराची स्लिप लागत नाही, कारण तारण म्हणून तुमचीच एफडी असते.

त्याने असं ठरवलं: ₹६०,००० बचत खात्यातून, ₹९०,००० ओव्हरड्राफ्टमधून. दर ८ टक्के. पगारातून दर महिन्याला ₹२०,००० ओव्हरड्राफ्टमध्ये परत भरायचे. पाच महिन्यांत तो मोकळा. एकूण व्याज साधारण ₹१,६७०.

एफडी मोडून होणाऱ्या ₹२,७०० च्या तोट्यापेक्षाही हे कमी, आणि एफडी ७ टक्क्यांनी चालूच. शिवाय वापरल्याखेरीज राहिलेली मर्यादा अडीअडचणीला हाताशी असते.

दोन अटी लक्षात ठेवा. टॅक्स वाचवायला केलेल्या पाच वर्षांच्या एफडीवर ही सोय मिळत नाही. आणि परतफेडीची तारीख बँक ठरवून देत नाही, तुम्हालाच पाळावी लागते. “व्याजच तर कमी आहे” म्हणत पैसे तसेच ठेवले तर मुदत संपताना बँक एफडीतूनच वसूल करते.

गृहकर्ज चालू असेल, तर बँकेला टॉप-अप लोनबद्दलही विचारा. दर पर्सनल लोनपेक्षा बराच कमी असतो. पण कागदपत्रांना वेळ लागतो, त्यामुळे सळई दिसायला लागल्यावर ते वेळेत मिळेलच असं नाही.

लोन घ्यायचंच ठरलं, तर एकच आकडा बघा

तो आकडा म्हणजे एपीआर, वर्षाचा खरा दर, ज्यात व्याजासोबत फी आणि इतर शुल्कही धरलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या लोनसाठी रिझर्व्ह बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बँकांना आणि एनबीएफसींना बंधनकारक केलंय. त्या कागदावर एपीआर असतोच.

हा का महत्त्वाचा, ते बघा. श्रोत्याच्या फोनवरची एक ऑफर होती ‘फक्त ९ टक्के फ्लॅट’. १४ च्या पुढे ९ किती गोड दिसतं! पण फ्लॅट म्हणजे पूर्ण दीड लाखावर दोन्ही वर्षं व्याज, तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं असलं तरीही. व्याज झालं ₹२७,०००, ईएमआय ₹७,३७५. म्हणजे १४ टक्केवाल्यापेक्षा जास्त! नेहमीच्या, घटत्या मुद्दलाच्या भाषेत हा दर साधारण १६.४ टक्के होतो, आणि त्यात फी अजून आलेलीच नाही.

१४ टक्केवालाही धुतल्या तांदळाचा नाही. फी कापून हातात येतात ₹१,४६,४६०, पण ईएमआय पूर्ण दीड लाखाचा. त्याचाही एपीआर १६.४ टक्क्यांच्या आसपासच जातो. गूगल शीट्समध्ये स्वतः करून बघा:

```
=PMT(14%/12, 24, -150000)
=RATE(24, -7202, 146460)*12
```

पहिल्या ओळीत ईएमआय मिळतो, दुसरीत फीसकट खरा दर. सेल टक्केवारीत फॉरमॅट करा. तुमचा ईएमआय आणि फी कापून खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम टाका. स्टेटमेंटमधल्या एपीआरशी उत्तर जुळलं नाही, तर कुठलं शुल्क धरलंय ते विचारा. बरेचदा तिथे न मागितलेला विमा सापडतो.

त्याच कागदावर मुदतीआधी लोन बंद करण्याचं शुल्कही बघा. पर्सनल लोन बहुतेक वेळा फिक्स्ड दराचं असतं आणि लवकर फेडलं तर शुल्क लागू शकतं. “बोनस आला की फेडून टाकीन” असा प्लॅन असेल, तर ही ओळ सगळ्यात आधी वाचा.

सगळे पैसे एकाच दिवशी लागत नाहीत

लोन मिळालं की पूर्ण रक्कम एकदम खात्यात येते आणि व्याजही लगेच सुरू होतं. काम मात्र तीन-चार आठवडे चालतं. पैसे टप्प्याने दिले तर मध्ये एक पगार येऊन जातो.

श्रोत्याच्या कॉन्ट्रॅक्टरने आधी निम्मे मागितले होते. बोलून असं ठरलं: सुरुवातीला ₹४५,०००, पाइप, वॉटरप्रूफिंग आणि पाँडिंग टेस्ट झाल्यावर ₹६०,०००, लाद्या बसल्यावर ₹३०,०००, आणि खालचं छत दुरुस्त होऊन कोरडं राहिलंय हे बघून शेवटचे ₹१५,०००.

यातला दुसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. लाद्या बसवण्याआधी ड्रेनचं तोंड बंद करून तीन-चार इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची, ४८ तासांनी खूण बघायची आणि खाली जाऊन छतही बघायचं. ही टेस्ट चुकवून लाद्या बसल्या आणि पुन्हा ओल आली, तर त्याच लाद्या परत फोडाव्या लागतात, आणि तो खर्च वरच्या कुठल्याच हिशोबात नाही. त्यामुळे लोनचे असोत की बचतीचे, टेस्टचा फोटो आणि खालच्या शेजाऱ्यांचा ‘कोरडं आहे’ असा मेसेज आल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका.

तुमचे आकडे वेगळे असतील, तर सूत्रात टाकून बघा आणि काय उत्तर आलं ते व्हॉइस मेसेजमध्ये कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातलीच एक केस घेऊ. भेटूया!